‘सदर रक्कम आपल्या खात्यात क्रेडिट होईल’ : दोनदा घेतलेल्या वर्गणीच्या माफीपत्राचे वाचन आणि पुनर्लेखन

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात चौकशीपत्र, मागणीपत्र, तक्रारपत्र हे प्रकार असतात. तक्रारीला संस्थेने द्यायचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकात फारसे भेटत नाही. प्रत्यक्षात नोकरीला लागल्यावर तेच अधिक वेळा लिहावे लागते, आणि ग्राहक म्हणून तर ते आपण सतत वाचत असतो. या टिपणात अशाच एका छोट्या ई-मेलची समीक्षा करू. कवितेतला शब्द जसा तपासतो तसाच यातला प्रत्येक शब्द तपासू आणि शेवटी ते पत्र नव्याने लिहू. पुढे येणारी विद्यार्थिनी, तिचे ॲप आणि दोन्ही पत्रे नमुन्यासाठी रचलेली आहेत. पैशांचा प्रवास, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि कॅलेंडर मात्र खरे आहे.

प्रसंग असा. बंगळुरूच्या बसवनगुडीत गांधी बाजाराजवळ खोली घेऊन राहणारी, पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मराठी मुलगी. घर सांगलीचे, बँकेचे खातेही सांगलीच्या शाखेतले. बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५ रोजी संध्याकाळी तिने एका अभ्यास-ॲपची मासिक वर्गणी भरायला घेतली. वर्गणी ६९९ रुपये. डेबिट कार्डाचा क्रमांक टाकला, ओटीपी टाकला, आणि पानावरचे चक्र फिरतच राहिले. दोन मिनिटे वाट पाहून ती मागे गेली आणि पुन्हा पैसे भरले. या वेळी दुसरा ओटीपी आला, पान पुढे गेले, सदस्यत्व सुरू झाले. मग बँकेचे दोन एसएमएस पाठोपाठ आले. ६९९ रुपये दोनदा गेले होते.

खात्यात उरले २,७५० रुपये. खाणावळीचे ३,२०० रुपये ५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचे आहेत. जादा गेलेले ६९९ रुपये त्याआधी आले तर भागते, नाही आले तर ४५० रुपये कमी पडतात आणि कोणाकडे तरी मागावे लागतात. तिने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, हे उत्तर आले.

> विषय : आपल्या पेमेंटसंदर्भात महत्त्वाची सूचना
>
> प्रिय ग्राहक,
>
> काही तांत्रिक कारणास्तव आपल्याकडून वर्गणीचे पेमेंट दोनदा झाले असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. यामुळे आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आपल्या परताव्याची प्रक्रिया सुरू करण्यात आली असून, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सदर रक्कम ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत आपल्या खात्यात क्रेडिट होईल. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

पहिल्या वाचनात पत्र सभ्य वाटते. व्याकरण बरोबर आहे, उद्धट शब्द एकही नाही. पण ते वाचून त्या मुलीला खाणावळवाल्या मावशींना काय सांगायचे ते कळत नाही. या पत्राची खरी कसोटी तीच आहे.

दिलगिरी आणि माफी

आधी पहिले वाक्य पाहू. ‘आपल्याकडून पेमेंट दोनदा झाले.’ मराठीत ‘माझ्याकडून चूक झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘कडून’ हा शब्द चुकीचा धनी दाखवतो. इथे तो धनी ग्राहक झाला आहे. लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसेलही. पैसे तिच्या बाजूने गेले एवढेच त्याला म्हणायचे असेल. पण दोन ओटीपी तिनेच टाकले होते, तिच्या मनात आधीच थोडी अपराधी भावना आहे, आणि हे वाक्य नेमके तिच्यावर बोट ठेवते. शिवाय वाक्यात संस्था कुठेच नाही. पेमेंट ‘झाले’, ते ‘निदर्शनास आले’, प्रक्रिया ‘सुरू करण्यात आली’. कोणी घेतले, कोणी पाहिले, कोणी सुरू केली? सरकारी मराठीने आपल्याला लावलेली ही सवय आहे. कर्ता गाळला की जबाबदारीही आपोआप गळते.

‘झाली असल्यास’ तर त्याहून वाईट. तक्रार आलेली आहे, दोन नोंदी संस्थेला दिसत आहेत, तरी गैरसोय अजून शंकेतच आहे. ‘असल्यास’ या एका शब्दाने माफी सशर्त होते.

आता ‘दिलगीर’. हा शब्द फारसीतून आला. मन खिन्न होणे, वाईट वाटणे हा त्याचा अर्थ. ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हणजे आम्हाला वाईट वाटते आहे. शेजाऱ्याकडे पाणी आले नाही तरी आपल्याला वाईट वाटू शकते, त्यासाठी आपली चूक असावी लागत नाही. ‘माफी मागणे’ मात्र दोन माणसांमधला व्यवहार आहे. मागणाऱ्याने काहीतरी केले आहे आणि समोरच्याला माफ करण्याचा किंवा न करण्याचा हक्क आहे, हे त्यात गृहीत असते. म्हणून संस्थांना दिलगिरी आवडते आणि माफी जड जाते. ‘क्षमस्व’ हा शब्द एकेकाळी खरोखर क्षमा मागणारा होता. खोदलेल्या रस्त्यांवरच्या फलकांनी तो इतका वापरला आहे की आता त्यातून फक्त खड्डा दिसतो.

बसवनगुडीच्या दुकानात कन्नड दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले आणि ते लक्षात आणून दिले, तर तो ‘तप्पायितु’ म्हणतो. शब्दशः अर्थ ‘चूक झाली’. आपल्याकडचे ‘चुकलं’ तसेच. दोन्ही बोलींत आधी चूक मान्य होते, सबबी नंतर येतात. लेखी मराठीत हा क्रम उलटा का व्हावा, याचे मला समाधानकारक कारण सापडत नाही.

उरते ‘तांत्रिक कारणास्तव’. प्रत्येक माफीपत्रात यंत्राचे आतडे उघडून दाखवावे असे मी म्हणणार नाही. पण कारण एका वाक्यात सांगता येते. पहिले पेमेंट बँकेत यशस्वी झाले, त्याची खात्री ॲपच्या पानापर्यंत उशिरा पोचली, आणि तोपर्यंत ॲपने दुसरा प्रयत्न नवा व्यवहार समजून स्वीकारला. पहिल्या प्रयत्नाला दिलेला ऑर्डर क्रमांकच दुसऱ्या प्रयत्नाला वापरला असता, तर त्या ऑर्डरचे पैसे आधीच आले आहेत हे संगणकाला कळले असते. हे कारण महत्त्वाचे ठरते ते आणखी एका गोष्टीसाठी. दोन वेगळे ऑर्डर क्रमांक तयार झाले, म्हणजे कदाचित दोन वेगळी सदस्यत्वेही तयार झाली. या धाग्याकडे पुढे परत येऊ.

पैसे कोणत्या वाटेने परत येतात

‘परतावा’ हा शब्द आपण रिफंडसाठी सर्रास वापरतो. पण आर्थिक मराठीत त्याचा आणखी एक रुळलेला अर्थ आहे : गुंतवणुकीवर मिळणारे उत्पन्न. ‘मुदत ठेवीवरील परतावा’ म्हणतो तो. संदर्भाने अर्थ कळतो, तरी ‘पैसे परत पाठवले’ या तीन शब्दांत कर्म आहे, दिशा आहे, भूतकाळ आहे. ‘परताव्याची प्रक्रिया सुरू करण्यात आली आहे’ यात यांपैकी भूतकाळ तेवढा आहे, आणि तोही प्रक्रियेचा. पैसे निघाले की फक्त फाईल उघडली?

त्याहून गंभीर घोटाळा ‘आपल्या खात्यात’ या शब्दांत आहे. त्या मुलीची दोन खाती आहेत. एक सांगलीच्या बँकेत, दुसरे त्या ॲपवर, जिथे ती नाव आणि पासवर्ड टाकून शिरते. अनेक ॲप या दुसऱ्या खात्यात शिल्लक रक्कम ठेवतात आणि पुढच्या वर्गणीत वळती करतात. संस्थेला ते सोयीचे असते, कारण पैसे बाहेर जात नाहीत. मुलीला मात्र त्या शिलकीतून खाणावळीचे बिल देता येत नाही. पेमेंट ॲग्रिगेटर म्हणजे दुकान आणि बँका यांच्यामध्ये पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या. त्यांच्यासाठीचे रिझर्व्ह बँकेचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला खास संमती दिली नसेल, तर पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जायला हवेत. म्हणजे डेबिट कार्डाने भरले असतील तर त्याच कार्डावर, आणि कार्डामागच्या बँक खात्यात. पत्रात लिहायचे ते हेच, आणि इतक्याच साध्या शब्दांत.

या नियमाचा आणखी एक उपयोग आहे. पैसे आल्या वाटेनेच परत जाणार असतील, तर ग्राहकाकडून खाते क्रमांक, ओटीपी किंवा यूपीआय पिन मागण्याचे कारणच उरत नाही. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही. रिफंडच्या नावाने लिंक पाठवणारे भामटे नेमक्या याच गोंधळावर जगतात. खऱ्या पत्राने म्हणून एक वाक्य जरूर लिहावे : तुम्हाला काही करायचे नाही, आम्ही काही मागणार नाही.

गांधी बाजारात दोनदा घेतलेले पैसे हातोहात परत मिळतात. कार्डावर का मिळत नाहीत? पैसे जाताना तिच्या बँकेने काही सेकंदांत होकार दिला आणि रक्कम खात्यातून वजा केली. परत येताना मात्र ती रक्कम एक नवा, उलट्या दिशेचा व्यवहार असते. ॲप पेमेंट कंपनीला सांगते, तिथून सूचना दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे जाते, मग कार्डाच्या जाळ्यातून सांगलीच्या बँकेकडे, आणि ती बँक आपल्या वेळापत्रकाप्रमाणे खात्यात जमा नोंद टाकते. जाताना ग्राहक पडद्यासमोर ताटकळत असतो म्हणून यंत्रणा घाई करते. येताना घाई करायला कोणी बसलेले नसते.

या वाटेवर एक खूण तयार होते. कार्डाच्या रिफंडला २३ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. त्याला अक्वायरर रेफरन्स नंबर, थोडक्यात एआरएन म्हणतात. पैसे दिसले नाहीत तर बँकेला हा क्रमांक सांगितल्यावर त्यांना तो व्यवहार शोधता येतो. नुसते ‘ॲपवाले म्हणतात पाठवले’ हे सांगून शोधता येत नाही. पण रिफंड पाठवल्या क्षणी हा क्रमांक संस्थेच्या हाती असतोच असे नाही. तो मिळायला एकदोन दिवस, कधी अधिकही लागतात. चांगले पत्र ही मर्यादा लपवत नाही. क्रमांक कधी कळवणार ते सांगते.

तिने यूपीआयने पैसे भरले असते तर रक्कम थेट बँक खात्यात आली असती आणि शोधायचा क्रमांक १२ अंकी असता. क्रेडिट कार्ड असते तर चित्र आणखी वेगळे झाले असते. पैसे बँक खात्यात आलेच नसते, कार्डाच्या हिशेबात जमा नोंद म्हणून दिसले असते, आणि त्या महिन्याचे बिल आधीच निघाले असेल तर ती नोंद पुढच्या बिलावर छापली गेली असती. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, बिल अजून भरलेले नसताना देय तारखेपूर्वी आलेला रिफंड त्या देय रकमेतून लगेच वळता करायचा असतो. म्हणून एकच मसुदा सर्वांना पाठवणे ही मुळातच चूक आहे. मार्ग बदलला की ‘कुठे दिसेल’ हे वाक्यही बदलते.

‘५ ते ७ दिवस’ म्हणजे कोणता वार

आता तारीख. ‘रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ५ ते ७ कामकाजाचे दिवस’ या शब्दांना अधिकाराचा वास आहे, म्हणून ते अधिक काळजीने तपासायला हवेत. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक प्रसिद्ध आहे. ऑनलाइन खरेदीत कार्डावरून पैसे वजा झाले आणि विक्रेत्याच्या यंत्रणेला त्याची खात्री पोचलीच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई, असे त्यात आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, तिथले दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नव्हेत. दुसरी, ते परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. आपल्या उदाहरणात दोन्ही व्यवहार यशस्वी झाले. उशिरा का होईना, खात्री पोचली आणि पैसे ॲपच्या हिशेबात गेले. तिथून ते परत देणे हा साधा रिफंड आहे. म्हणजे पत्रलेखकाने रिझर्व्ह बँकेचे नाव घेतले, पण जो नियम डोक्यात होता तो इथे लागू होत नाही आणि त्यातले दिवसही त्याने बदलले. अशा उसन्या अधिकाराने वाचकाचे नुकसान होते. ती ५ दिवसांचा नियम शोधते, बँकेत भांडायला जाते, आणि बँक म्हणते की हे आमच्याकडे फसलेले पेमेंट नाहीच.

नियम बाजूला ठेवून नुसते दिवस मोजू. पत्र ३० ऑक्टोबरचे, मोजणी ३१ पासून. ॲपचे कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्याचे असेल तर ३१ ऑक्टोबर, मग ३, ४, ५, ६, ७ आणि १० नोव्हेंबर असे सात दिवस होतात. सांगलीच्या बँकेच्या बाजूने मोजले तर शनिवार, १ नोव्हेंबर हा कामाचा दिवस आहे, कारण तो पहिला शनिवार. बंगळुरूत मात्र त्या दिवशी कन्नड राज्योत्सवाची सुट्टी. उलट ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंती, तेव्हा महाराष्ट्रातल्या बँका बंद. ८ तारीख दुसरा शनिवार, म्हणून सुट्टी. या मोजणीने ३१, १, ३, ४, ६, ७, १०. योगायोगाने शेवट दोन्हीकडे सोमवार, १० नोव्हेंबरलाच होतो. मधली वाट वेगळी आहे, आणि मुलगी नेमकी मधल्या वाटेवर, ५ तारखेवर अडली आहे.

ही मोजणी तिने का करावी? संस्थेला पाठवल्याची तारीख माहीत आहे, रिफंडला सर्वसाधारणपणे किती दिवस लागतात याचा अनुभव आहे. तिने एकदा मोजून ‘सोमवार, १० नोव्हेंबरपर्यंत’ असे लिहिले की हजारो ग्राहकांची मोजणी वाचते. आणि या विशिष्ट वाचकाला त्याहून मोलाची गोष्ट मिळते. पैसे ५ तारखेआधी येतीलच असे धरून चालता येणार नाही, हे तिला ३० तारखेलाच कळते. मावशींना ती आजच सांगू शकते. ‘५ ते ७’ वाचून तिने ५ हा आकडा धरला असता, आणि बुधवारी सकाळी बँकेचे ॲप पुन्हा पुन्हा उघडत बसली असती. आशावादी तारीख देणे हा सौजन्याचा भाग आहे असे अनेकांना वाटते. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला उशिराची पण खरी तारीख अधिक उपयोगी पडते.

पुढच्या महिन्याचे काय

पहिल्या पत्राचा सर्वांत मोठा दोष त्यात न लिहिलेल्या वाक्यात आहे. मासिक वर्गणी सुरू करताना तिने फक्त ६९९ रुपये दिले नाहीत. दर महिन्याला आपोआप पैसे घेण्याची परवानगीही दिली. बँकेच्या भाषेत हा ई-मॅन्डेट. तिने दोनदा ओटीपी टाकला, म्हणजे दोन परवानग्या नोंदल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. एका वर्गणीचे पैसे परत केल्याने दुसरी परवानगी रद्द होत नाही. ते दोन स्वतंत्र धागे आहेत. पैसे परत देणारा कर्मचारी हिशेबाच्या पडद्यावर काम करतो, सदस्यत्वे दुसऱ्या पडद्यावर असतात. तिथे कोणी पाहिले नाही, तर २९ नोव्हेंबरला पुन्हा दोनदा ६९९ रुपये जातील, आणि मग आणखी एक दिलगिरी येईल.

हे तपासायची एक सोय आहे. ई-मॅन्डेटच्या नियमांनुसार कार्ड देणाऱ्या बँकेला पैसे वजा होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना पाठवावी लागते, आणि त्या वेळी नकार देण्याची सोय द्यावी लागते. म्हणजे २८ नोव्हेंबरपर्यंत तिच्या फोनवर या ॲपसाठी एकच सूचना यायला हवी. दोन आल्या तर काम अर्धवट राहिले आहे. हे वाक्य पत्रात घातले की ग्राहकाच्या हाती तपासणीचे साधन येते.

आता नवे पत्र.

> विषय : वर्गणीचे ६९९ रुपये दोनदा घेतले गेले, एक रक्कम परत पाठवली आहे
>
> नमस्कार,
>
> बुधवार, २९ ऑक्टोबरला आम्ही तुमच्या डेबिट कार्डावरून मासिक वर्गणीचे ६९९ रुपये दोनदा घेतले. पहिले पेमेंट पूर्ण झाल्याचे आमच्या पानाने तुम्हाला वेळेत दाखवले नाही, आणि दुसरे पेमेंट आम्ही थांबवायला हवे होते, ते थांबवले नाही. चूक आमची आहे. आम्ही तुमची माफी मागतो.
>
> दुसऱ्या वेळी घेतलेले पूर्ण ६९९ रुपये आज, गुरुवार, ३० ऑक्टोबरला, आम्ही त्याच डेबिट कार्डावर परत पाठवले आहेत. ते कार्ड ज्या बँक खात्याचे आहे त्या खात्यात सोमवार, १० नोव्हेंबरपर्यंत दिसतील. कदाचित त्याआधीही दिसतील, पण कृपया ते धरून चालू नका. खात्यात ६९९ रुपयांची वेगळी जमा नोंद येईल. नोंदीत आमच्याऐवजी पेमेंट कंपनीचे नाव असू शकते, म्हणून रक्कम पाहा.
>
> तुमच्या नावावर चुकून तयार झालेले दुसरे सदस्यत्व आणि त्याची दरमहा पैसे घेण्याची परवानगी आम्ही रद्द केली आहे. पहिले सदस्यत्व सुरू आहे. २९ नोव्हेंबरच्या वर्गणीआधी बँकेकडून तुम्हाला एकच सूचना यायला हवी. दोन आल्या तर दुसरीला नकार द्या आणि आम्हाला कळवा.
>
> पैसे मिळण्यासाठी तुम्हाला काहीही करायचे नाही. आम्ही खाते क्रमांक, ओटीपी किंवा पिन मागणार नाही. या रिफंडचा २३ अंकी संदर्भ क्रमांक (एआरएन) मंगळवार, ४ नोव्हेंबरपर्यंत याच ई-मेलवर पाठवू. १० तारखेपर्यंत पैसे दिसले नाहीत, तर या पत्राला उत्तर द्या; बँकेकडे पाठपुरावा करायला लागणारी माहिती आम्ही देऊ.

हे पत्र पहिल्यापेक्षा लांब आहे. ‘थोडक्यात लिहा’ या नेहमीच्या सल्ल्याला ते जुमानत नाही. पण विषयाची ओळ वाचूनच मुलीला मुख्य गोष्ट कळते, बाकीचे ती सवडीने वाचू शकते. पहिल्या पत्राची विषयओळ, ‘महत्त्वाची सूचना’, जाहिरातींच्या गर्दीत न उघडताच पुसली गेली असती. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ हे वाक्य मी गाळले. तसेच सहकार्याबद्दलचे आभारही, कारण तिने सहकार्य केले नव्हते, तक्रार केली होती.

‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ मी जाणीवपूर्वक घेतले. ‘आपल्या खात्यात’ म्हणताना मराठीत ‘आपल्या’चा अर्थ ‘आमच्या-तुमच्या’ असाही होतो, आणि पैशाच्या पत्रात ती संदिग्धता नको. कोणाला ‘तुम्ही’ थोडे रुक्ष वाटेल. पण ‘तुमच्या डेबिट कार्डावरून आम्ही घेतले’ या वाक्यात कोणाचे काय आणि कोणी केले हे स्पष्ट आहे.

या पुनर्लेखनाला एक अट आहे. ‘परत पाठवले आहेत’ आणि ‘रद्द केली आहे’ ही दोन्ही वाक्ये पत्र लिहिण्यापूर्वी खरी व्हायला हवीत. म्हणजे लेखकाने आधी हिशेब विभागात विचारायचे, मग सदस्यत्वांचा पडदा उघडून पाहायचे, आणि मगच लिहायला बसायचे. दुसरे सदस्यत्व अजून रद्द झालेले नसेल, तर ‘रद्द करत आहोत, झाल्यावर कळवू’ असे लिहावे. रिफंड उद्या निघणार असेल तर पाठवल्याची तारीखही उद्याची लिहावी, आणि शेवटची तारीख पुन्हा मोजावी. ३१ पासून निघालेले सात दिवस पाच दिवसांच्या आठवड्यात ११ नोव्हेंबरला संपतात.

वर्गात सरावासाठी हेच पत्र क्रेडिट कार्डाच्या ग्राहकासाठी लिहून पाहा. त्याचे बिल २ नोव्हेंबरला निघते आणि २० नोव्हेंबरला भरायचे आहे असे धरा. ‘बँक खात्यात दिसतील’ हे वाक्य जाईल. त्याऐवजी जमा नोंद कुठे आणि कोणत्या बिलावर दिसेल, आणि २० तारखेला किती रक्कम भरायची हे बँकेच्या ॲपमध्ये कुठे पाहायचे, हे सांगावे लागेल. तुमच्या मसुद्यात बिलाची तारीख आली नसेल, तर तो ग्राहक ६९९ रुपये पुन्हा एकदा भरून बसेल.